एक पोस्टकार्ड आणि सात चुका: ब्रेतॉनमधल्या बदलत्या पहिल्या अक्षराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनी प्रांतात, दुआर्नेनेझ नावाचं बंदर आहे. एकेकाळी सार्डीन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचं गाव. तिथे ब्रेतॉन भाषेच्या एका आठवड्याच्या निवासी शिबिराला मी गेलो होतो. ब्रेतॉन ही केल्टिक कुळातली भाषा, वेल्शची सख्खी नातेवाईक, फ्रेंचशी तिचं नातं फक्त शेजारपणाचं. माझ्या बाकावर साठीच्या एक फ्रेंच बाई होत्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून त्यांना इथे नुसतं मादाम म्हणतो. त्यांच्या आजीची भाषा ब्रेतॉन होती, पण आजीने नातवंडांशी कायम फ्रेंचच बोललं. मादाम दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जात होत्या.

गुरुवारी दुपारी त्यांनी एक पोस्टकार्ड माझ्यापुढे सरकवलं. लानिऑनला राहणाऱ्या मैत्रिणीला ते पाठवायचं होतं. ही मैत्रीण शेतावर, आजीआजोबांच्या तोंडून ब्रेतॉन शिकलेली, म्हणजे भाषा तिच्या कानात मुरलेली. मादामनी तिला आजवर फ्रेंचमध्येच पत्रं लिहिली होती. हे पहिलं ब्रेतॉन कार्ड.

पुढे जाण्याआधी लेखनाबद्दल दोन शब्द. ब्रेतॉन रोमन लिपीत लिहितात. मी इथे सगळं देवनागरीत, अक्षरांच्या जवळ राहून लिहितो आहे. ‘झ’ हा ‘झरा’मधला झ समजा. ‘ख़’ हा घशात घासून येणारा, ‘ख़बर’ उर्दू ढंगाने म्हटल्यावर येतो तो. खरं तर देवनागरी या कामाला रोमनपेक्षा जास्त सोयीची आहे, ते पुढे दिसेलच.

कार्डावरचा मजकूर असा होता:

> एमाओन ए दुआर्नेनेझ आबावे दिलुन. देउएत ओन एउस केम्पेर गान्त आर कार-बुतिन. ब्राव एओ आर वोर. ग्वेलेत एम एउस उर बाग बिहान. देख़ ओन बेत ओ वाले वार आर गाए. देब्रेत एम एउस उर ख़्रांपुएझेन. वारख़ोआझ एझ इन दा ब्रेस्त. देउस दा दुआर्नेनेझ! आ विर गालोन.

अर्थ साधा आहे. मी सोमवारपासून दुआर्नेनेझमध्ये आहे. केम्पेरहून बसने आले. समुद्र सुंदर आहे. एक छोटी होडी पाहिली. काल धक्क्यावर फिरायला गेले होते. एक क्रेप, म्हणजे पातळ धिरडं, खाल्ली. उद्या ब्रेस्तला जाणार आहे. दुआर्नेनेझला ये! मनापासून.

मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट इथेच सांगतो. ब्रेतॉनमध्ये ‘बाग’ म्हणजे होडी आणि ‘मोर’ म्हणजे समुद्र. पहिल्या दिवशी ‘बाग मोरावर आहे’ असं वाक्य फळ्यावर आलं तेव्हा वर्गात हसणारा मी एकटाच होतो.

अडचण नेमकी काय होती

क्रियापदं सगळी बरोबर होती, शब्दक्रमही. चुका होत्या त्या नामांच्या पहिल्या अक्षरात. ब्रेतॉनमध्ये नामाचं पहिलं व्यंजन त्याच्या आधी काय आलं आहे यावर बदलतं. सगळ्यात जास्त भेटणारा बदल म्हणजे मृदू बदल. त्यात क चा ग होतो, त चा द, प चा ब. आपली वर्णमाला डोळ्यांपुढे आणा: अघोष अक्षर त्याच वर्गातल्या घोष अक्षराकडे सरकतं. ब आणि म यांचा व होतो, ग चा ख़ पण ग्व चा नुसता व, आणि द चा झ.

वाक् + ईश = वागीश, जगत् + ईश = जगदीश हे आपण शाळेत घोकलेलं असतं, तसंच हे. एक फरक मात्र मोठा आहे. संधीमध्ये बदलाचं कारण शेजारच्या ध्वनीत आजही दिसतं. ब्रेतॉनमध्ये ते कारण केव्हाच झडून गेलं आहे. फार पूर्वी स्त्रीलिंगी उपपद स्वरान्त होतं, त्यामुळे नामाचं पहिलं व्यंजन दोन स्वरांमध्ये सापडून मऊ होई. पुढे उपपदाच्या शेवटचा स्वर गेला, व्यंजनाचा मऊपणा मात्र राहिला. आज स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी दोन्ही नामांपुढे ‘आर’ हे एकच उपपद येतं, काही अक्षरांपुढे ते ‘आन’ होतं; ‘एक’ या अर्थाचं उपपद ‘उर’, त्याचंही तसंच. पुढचं नाम बाई आहे की बुवा हे त्या नामाचं पहिलं अक्षरच सांगतं.

मादामच्या कार्डात सात नामं चुकली होती: कार-बुतिन, वोर, बाग, गाए, ख़्रांपुएझेन, ब्रेस्त आणि शेवटचं दुआर्नेनेझ. ‘बाग’नंतरचं विशेषण ‘बिहान’ही चुकलं होतं, पण ती तिसऱ्या चुकीची शेपटी होती.

शिबिराच्या शिक्षिकेने मंगळवारी चार प्रकारच्या बदलांचा तक्ता वाटला होता: मृदू, कठोर, घर्षक आणि मिश्र. उभ्या रांगेत अक्षरं, आडव्या रांगेत प्रकार. क समोर कधी ग, कधी ख़. मादामनी तो तक्ता शेजारी ठेवूनच कार्ड लिहिलं होतं. मला खटकलं ते हेच. तक्ता अचूक होता आणि तरी सात चुका झाल्या होत्या. तक्ता ‘क चं काय काय होऊ शकतं’ एवढंच सांगतो. कार्ड लिहिणाऱ्या माणसाला हवं असतं ते ‘इथे, या शब्दाआधी, काही होणार आहे का’ याचं उत्तर.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मादामनी स्वतःच सुचवला: आहे तसंच टाकून द्यायचं. मैत्रिणीला समजलं असतं का? नक्कीच. ‘दा ब्रेस्त’ लिहिलं म्हणून कोणी ब्रेस्तऐवजी दुसरीकडे पोहोचत नाही. शिवाय या मताला इतिहासाचा थोडा आधारही आहे. मध्ययुगीन ब्रेतॉन हस्तलिखितांत हे बदल बहुतेक लिहिलेच जात नसत. लोक ‘आर वाग’ म्हणत आणि कागदावर ब असे. 1659 मध्ये ज्युलियँ मोनोआर या जेझुइट पाद्रीने नवी लेखनपद्धत मांडली, तेव्हापासून उच्चारातला बदल कागदावर येऊ लागला. मी मादामना म्हटलं, “तुमचं ‘उर बाग’ चारशे वर्षांपूर्वी चाललं असतं.” त्या म्हणाल्या, “पण तेव्हा ‘आर वोर’ चाललं नसतं ना?” बरोबर होतं त्यांचं. न बदललेलं अक्षर ही जुन्या लेखनाची सवय म्हणता येते, जिथे बदल नको तिथे केलेला बदल मात्र कोणत्याच काळात बसत नाही.

दुसरा पर्याय शिक्षिकेचा: ती लाल शाईने सातही जागा दुरुस्त करून देणार, मादाम नवं कार्ड उतरवून काढणार. दहा मिनिटांचं काम. कार्ड निर्दोष झालं असतं, पण पुढच्या कार्डात त्याच सात चुका परत आल्या असत्या.

तिसरा पर्याय चलाखीचा होता आणि तो मला मनापासून आवडतो. अडचणीची नामंच टाळायची. म, न, ल, र, स यांनी सुरू होणारी पुल्लिंगी नामं घ्यायची, ‘ए’ आणि ‘गान्त’ अशी निरुपद्रवी अव्ययं वापरायची. असं कार्ड लिहिता येतं, पण त्यात ना होडी येते, ना धक्का, ना क्रेप. मग दुआर्नेनेझहून लिहायचं तरी काय?

चौथा पर्याय आम्ही घेतला. प्रत्येक चूक का झाली हे शोधायचं, कारणांप्रमाणे त्यांचे गट पाडायचे आणि मादामनीच दुरुस्त करायच्या.

चुकांची चिकित्सा

सुरुवात मी बरोबर आलेल्या गोष्टीपासून केली. शेवटचं ‘आ विर गालोन’ पाहा. मूळ शब्द ‘ग्विर’ म्हणजे खरा आणि ‘कालोन’ म्हणजे हृदय. ‘आ’ या अव्ययामुळे ग्विरचा ‘विर’ झाला आणि ‘विर’मागे जोडलं गेल्यामुळे कालोनचा ‘गालोन’. दोन शब्दांत दोन बदल, दोन्ही अचूक. मादामना याचा पत्ताच नव्हता. त्यांनी हा अख्खा तुकडा पत्राच्या शेवटचा शिक्का म्हणून पाठ केला होता. ‘ओ वाले’चंही तसंच. मूळ क्रियापद ‘बाले’, पण ‘ओ वाले’ हे त्यांच्या कानात एकसंध बसलं होतं.

मग वोर आणि बाग. या दोन चुका एकाच मुळातून आलेल्या, फक्त आरशातल्यासारख्या उलट. फ्रेंचमध्ये समुद्र स्त्रीलिंगी आणि होडी पुल्लिंगी. ब्रेतॉनमध्ये नेमकं उलटं: मोर पुल्लिंगी, बाग स्त्रीलिंगी. मादामनी नियम बरोबर लावला होता, लिंग फ्रेंचमधून आणलं होतं. म्हणून पुल्लिंगी ‘आर मोर’ जसंच्या तसं राहायला हवं होतं तिथे वोर झालं, आणि स्त्रीलिंगी ‘उर वाग’ व्हायला हवं होतं तिथे बाग राहिली. बाग एकदा वाग झाली की मागचं विशेषणही वळतं: ‘उर वाग विहान’. मराठी माणसाला इथे फुकटचे दोन गुण मिळतात, कारण आपलाही समुद्र पुल्लिंगी आणि होडी स्त्रीलिंगी. मी हे दोन्ही कधी चुकलो नाही. त्याचं श्रेय घ्यायचा मोह झाला होता, पण त्यात माझं काहीच नव्हतं.

‘कार-बुतिन’ म्हणजे बस, शब्दशः सामाईक गाडी. शब्द पुल्लिंगी. मादामचा हिशोब असा: उपपदानंतर स्त्रीलिंगी बदलतं, पुल्लिंगी बदलत नाही, म्हणून ‘आर कार-बुतिन’. हा नियम प, त, ब, म, ग यांना लागू पडतो. एक अपवाद सुटला होता, आणि तोच सगळ्यात जास्त भेटतो. उपपदानंतर पुल्लिंगी नामाचा क तसाच राहत नाही, त्याचा ख़ होतो. म्हणून ‘गान्त आर ख़ार-बुतिन’. म्हणजे क ने सुरू होणारं एकवचनी नाम उपपदानंतर कधीच क राहत नाही: स्त्रीलिंगी असेल तर ग, पुल्लिंगी असेल तर ख़. मादामनी हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

‘ख़्रांपुएझेन’ची चूक मला सगळ्यात हुशार वाटली. ‘क्रांपुएझ’ म्हणजे क्रेप, पण समूहवाचक: ढीगभर, ताटभर. उपपदासह त्याचं ‘आर ख़्रांपुएझ’ होतं आणि मादामनी ते शंभर वेळा ऐकलं होतं. एकच क्रेप म्हणायची तर मागे ‘एन’ लावतात: क्रांपुएझेन. मादामनी ओळखीचा ख़ तसाच ठेवून मागे एन जोडलं. पण हा एन लागला की शब्द स्त्रीलिंगी होतो, आणि स्त्रीलिंगी म्हटलं की क चा ग: ‘उर ग्रांपुएझेन’. शेपूट बदललं म्हणून डोकं बदलतं, हे कोणाच्या सहज ध्यानात येणार? वाळूचंही असंच आहे. ‘त्रेझ’ म्हणजे वाळू, पुल्लिंगी, ‘आन त्रेझ’. ‘त्रेझेन’ म्हणजे समुद्रकिनारा, स्त्रीलिंगी, ‘आन द्रेझेन’. हा दुसरा शब्द मादामना पाठ होता. तो दाखवल्यावर क्रेप त्यांनी स्वतःच दुरुस्त केली.

आता धक्का. ‘काए’ पुल्लिंगी, फ्रेंचमध्येही पुल्लिंगी. लिंगाची गफलत नाही, तरी ‘वार आर गाए’ आलं. कारण विचारल्यावर मादाम म्हणाल्या, “वार मृदू बदल करतं ना?” करतं. ‘वार’ म्हणजे ‘वर’ (हा उच्चाराचा निव्वळ योगायोग), आणि ते मृदू बदल करणाऱ्या पूर्वयोगी अव्ययांपैकी एक आहे. आपली शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागून येतात, ही पुढून, म्हणून पूर्वयोगी म्हणतो. पण अव्ययाचा हात फक्त लगेच पुढच्या शब्दापर्यंत पोहोचतो. ‘वार’ आणि ‘काए’च्या मध्ये ‘आर’ येऊन बसलं की वारचा संबंध संपला. मग निर्णय उपपदाचा, आणि उपपदानंतर पुल्लिंगी क चा ख़: ‘वार आर ख़ाए’. उपपद नसतं तर वार आपलं काम करतं. पाय म्हणजे ‘त्रोआद’, आणि पायी म्हणजे ‘वार द्रोआद’.

राहिली दोन गावं. मादामना वाटत होतं की विशेषनामाला हात लावायचा नसतो. ब्रिटनीतल्या रस्त्यांवर दुभाषी पाट्या आहेत, त्यावर मूळ रूपच असतं, आणि डोळ्याला त्याची सवय होते. पण ‘दा’ म्हणजे ‘कडे’, ते मृदू बदल करतं आणि गावांना सूट देत नाही. ब्रेस्तला जायचं तर ‘दा व्रेस्त’, केम्पेरला ‘दा गेम्पेर’, पॅरिसलाही ‘दा बारिझ’. आणि दुआर्नेनेझला ‘दा झुआर्नेनेझ’. कार्डाच्या पहिल्या ओळीत मात्र ‘ए दुआर्नेनेझ’ बरोबरच होतं, कारण ‘ए’, म्हणजे ‘मध्ये’, प्रमाण लेखनात काही बदलत नाही. एकाच कार्डात एकाच गावाची दोन आद्याक्षरं आली की मादामना ते कार्ड चुकल्यासारखं दिसत होतं.

काय केलं, आणि माझी चूक

मी मादामना तक्ता बाजूला ठेवायला सांगितलं आणि प्रत्येक नामापाशी थांबून मागे फक्त एक शब्द बघायला सांगितला. तो शब्द उपपद असेल तर प्रश्न लिंगाचा. तो अव्यय असेल तर प्रश्न त्या अव्ययाचा. त्याच्याही मागे काय आहे ते बघायचंच नाही.

इथे मी घाई केली. अव्ययांबद्दल मी एवढंच म्हणालो की “अव्यय नामाला थेट चिकटलं तर मृदू बदल होतो.” मला अभिप्रेत होतं ‘दा’, ‘वार’, ‘आ’, ‘द्रे’ (मधून), ‘दिन्दान’ (खाली) या छोट्या टोळीबद्दल. मादामनी ते सगळ्या अव्ययांना लावलं. अर्ध्या तासाने दुसरा मसुदा आला. मोर, वाग विहान, ख़ाए, ग्रांपुएझेन, व्रेस्त, झुआर्नेनेझ, सगळं जागच्या जागी. आणि पहिल्या ओळीत, जिथे आधी काहीच चुकलं नव्हतं, तिथे ‘ए झुआर्नेनेझ’ आणि ‘एउस गेम्पेर’.

सात चुका गेल्या आणि दोन नव्या आल्या, त्याही बरोबर असलेल्या जागी. याला मादाम नव्हे, मी जबाबदार होतो. ‘ए’ (मध्ये), ‘एउस’ (हून), ‘गान्त’ (ने, बरोबर), ‘एवित’ (साठी) ही रोजच्या वापरातली अव्ययं नामाला हात लावत नाहीत, हे मी आधी सांगायला हवं होतं. त्यांनी पाचच मिनिटांत ते सुधारलं, पण “मग पहिल्यांदा माझं बरोबर होतं?” हा प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

शेवटचा वाद ‘दा झुआर्नेनेझ’वर झाला. द चा झ होणं हा या बदलांतला सगळ्यात डळमळीत भाग आहे. उपपदानंतर तो होतच नाही: ‘देलिएन’ म्हणजे झाडाचं पान, स्त्रीलिंगी असूनही ‘आन देलिएन’. अव्ययानंतर लेखनात तो करतात, पण बोलीत सगळीकडे सारखा ऐकू येत नाही. मैत्रीण शेतावर शिकलेली. ती स्वतः असं म्हणत असेल का? नसेल तर पुस्तकी झ बघून तिला हसू येईल का? मादाम ‘दा दुआर्नेनेझ’ ठेवायच्या बाजूने होत्या. शिक्षिकेचं मत स्पष्ट होतं: बोलताना मैत्रिणीचं ऐका आणि तसं म्हणा, लिहिताना झ लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तुम्ही ‘दा’ ओळखलंत हे कळतं. मला स्वतःला दोन्ही चाललं असतं. शेवटी झ राहिला.

अंतिम कार्ड असं झालं:

> एमाओन ए दुआर्नेनेझ आबावे दिलुन. देउएत ओन एउस केम्पेर गान्त आर ख़ार-बुतिन. ब्राव एओ आर मोर. ग्वेलेत एम एउस उर वाग विहान. देख़ ओन बेत ओ वाले वार आर ख़ाए. देब्रेत एम एउस उर ग्रांपुएझेन. वारख़ोआझ एझ इन दा व्रेस्त. देउस दा झुआर्नेनेझ! आ विर गालोन.

निष्पत्ती

कार्ड शुक्रवारी सकाळी टपालात पडलं. मात्र पेटीत टाकण्याआधी, आम्हा कोणालाही न विचारता, मादामनी समासात एक ओळ वाढवली होती: ‘उर गाझ आ ओआ एर वाग’, म्हणजे होडीत एक मांजर होतं. पंधरा दिवसांनी मैत्रिणीचं उत्तर आलं आणि मादामनी मला ते फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा मला ही ओळ कळली.

त्या एका ओळीत दोन कसोट्या होत्या. ‘एर वाग’ हे ‘ए’ आणि ‘आर’ जुळून झालेलं रूप. ‘ए’ काही बदलत नाही, पण त्याच्या पोटात उपपद आहे, म्हणून स्त्रीलिंगी बाग वळते. हे त्यांनी एकटीने, अचूक केलं. ‘काझ’ मात्र पुल्लिंगी, तेव्हा हवं होतं ‘उर ख़ाझ’. क दिसला की ग, ही पहिली सवय हाताने केलीच. पुठ्ठ्यावरचं वाक्य त्या क्षणी टपालपेटीपाशी नव्हतं.

मैत्रिणीने बाकी कशावरही एक शब्द काढला नव्हता, झ वरही नाही. तिने ब्रेस्तची चौकशी केली, पुढच्या उन्हाळ्यात येईन म्हणाली, आणि शेवटी विचारलं की होडीतली ती मांजरी होती का. ब्रेतॉनमध्ये मादीला ‘काझेझ’ म्हणतात आणि ती ‘उर गाझेझ’ होते. ग ऐकल्याबरोबर तिच्या कानाने मादी पाहिली होती, आणि शेपटीला ‘एझ’ नाही म्हणून ती बुचकळ्यात पडली होती. मादामना नियम माझ्या तोंडून तीनदा ऐकून जेवढा कळला नव्हता तेवढा या प्रश्नाने कळला, असं त्याच म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट सांगून झाली आहे: न बदलणारी अव्ययं आधी, बदलणारी नंतर. चार नावं वहीत वर लिहिली असती तर दुसऱ्या मसुद्यातल्या दोन्ही चुका टळल्या असत्या.

दुसरी गोष्ट शब्द पाठ करण्याची. मादामच्या वहीत नामं एकेकटी होती: बाग, मोर, काए, काझ. शब्दकोशातही ती तशीच सापडतात, मूळ अक्षराखाली. पाटीवर ‘वाग’ वाचून व खाली शोधणाऱ्याला काही मिळत नाही, कारण तो व मुळात ब असू शकतो किंवा म. म्हणून वहीतही मूळ रूप हवंच. पण शेजारी उपपदासकट दुसरं रूप असतं, ‘बाग, उर वाग’, ‘काझ, उर ख़ाझ’, तर लिंग वेगळं पाठ करावं लागलं नसतं, ते जोडीतच आलं असतं. ‘आ विर गालोन’ बरोबर आलं ते याच कारणाने. हे मला कार्ड हातात आलं त्याच क्षणी दिसलं होतं, पण मी त्याचा उपयोग फक्त धीर द्यायला केला. त्या दुपारी नियम समजावण्याऐवजी आम्ही कार्डातल्या सात नामांच्या सात जोड्या मोठ्याने म्हटल्या असत्या, तर कदाचित आठवी जोडीही तोंडात आली असती.

तिसरीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. ‘देउस दा झुआर्नेनेझ’मध्ये आम्ही लेखनाच्या बाजूने गेलो. मैत्रिणीला आधी फोन करून ती काय म्हणते ते ऐकता आलं असतं, आणि तेच लिहिता आलं असतं. मादामनी पुढच्या वेळी तसं करायचं ठरवलं आहे. दुसरं कार्ड नाताळात जाणार आहे, आणि त्यात तो बोका पुन्हा येणार आहे.